‘पाट’ आणि ‘पात’ यांच्या स्पेक्ट्रोग्रामविषयी

१. गोंदियाकडच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘ट’ आणि ‘त’ मात्र वेगळेच राहतात. तो फरक पाहायचा तर वाचकाने आधी व्यंजनाकडे न जाता त्याच्या मागच्या ‘आ’कडे पाहावे. व्यंजनात तोंड बंद असते, त्यामुळे चित्रात तिथे जवळजवळ कोरी जागा असते. जिभेने कुठे स्पर्श केला याची खूण स्वराच्या शेवटच्या सुमारे ५० मिलिसेकंदांत उमटते. पुरुषाच्या आवाजात ‘आ’चा तिसरा फॉर्मंट साधारण २५०० हर्ट्झला असतो. ‘पाट’ म्हणताना तो ठळकपणे खाली वळतो आणि चढत्या दुसऱ्या फॉर्मंटजवळ येतो. ‘पात’मध्ये असा उतार दिसत नाही.

शब्दारंभी, म्हणजे ‘टाक’ आणि ‘ताक’ यांत, ही खूण मिळत नाही. ‘ट’ उच्चारताना जिभेचे टोक स्पर्श चालू असतानाच पुढे सरकते, म्हणून सुटल्यानंतरची दोन्ही वळणे बरीचशी सारखी होतात. तिथे स्फोटाची बारीक उभी रेघ पाहावी: ‘ट’ची ऊर्जा तिसऱ्या फॉर्मंटच्या आसपास एकवटते, ‘त’ची वरपर्यंत विखुरते. दर सेकंदाला ८००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात ४००० हर्ट्झवरचे काहीच उरत नाही, आणि ‘त’ची ही विखुरलेली रेघ अर्धी कापली जाते. अशा मुद्रणावरून शब्दारंभीच्या ‘त’विषयी निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.
— संपादक