एकच सोने, दोन कारवाया : मकबूल हुसेन खटला, १९५३

१/ ६ नोव्हेंबर १९४९ रोजी मकबूल हुसेन हे जेद्दाहून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरले. झडतीत त्यांच्याकडे १०७.२ तोळे सोने सापडले. त्यांनी ते जाहीर केलेले नव्हते. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यानुसार सोने जप्त केले आणि १२,००० रुपये दंड भरल्यास ते सोडवून घेण्याची मुभा दिली.

२/ मार्च १९५० मध्ये याच सोन्याबद्दल, १९४७ च्या परकीय चलन कायद्याखाली, मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे त्यांच्यावर फिर्याद दाखल झाली. दरम्यान २६ जानेवारीला राज्यघटना अमलात आली होती. तिचे कलम २०(२) सांगते की, एकाच अपराधाबद्दल कोणावरही दुसऱ्यांदा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. सोने तर आधीच गेले होते; मग हा खटला कसला, असा हुसेन यांचा सवाल होता.

३/ १७ एप्रिल १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. न्या. नटवरलाल भगवती यांनी निकालपत्रात ‘खटला’ या शब्दावर बोट ठेवले. खटला म्हणजे न्यायालयापुढील, किंवा कायद्याने शपथेवर पुरावा घेऊन निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणापुढील कार्यवाही. कस्टम्सचे अधिकारी महसुलाच्या रक्षणासाठी माल जप्त करतात. ते न्यायालय नव्हे. सबब पहिला खटला झालाच नव्हता, आणि जो झाला नाही त्याची पुनरावृत्ती होणार कशी?

४/ या निकालाची धग आजही जाणवते. खात्याने दंड केला वा नोकरीवरून काढले, तरी त्याच कृत्यासाठी फौजदारी न्यायालयाची दारे उघडीच राहतात. सोसणाऱ्याला ती दुहेरी शिक्षा वाटते. कायद्याच्या लेखी ती एकच असते.

५/ मग निर्दोष सुटलेल्याचे काय? कलम २०(२) शिक्षा झालेल्यापुरतेच बोलते. सुटलेल्याला संरक्षण मिळते ते फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून : १८९८ च्या संहितेत कलम ४०३, १९७३ च्या संहितेत कलम ३००, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३३७. सक्षम न्यायालयाचा निकाल कायम असेपर्यंत त्याच अपराधाचा, किंवा त्याच तथ्यांवर तेव्हाच पर्यायाने लावता आला असता अशा आरोपाचा, नवा खटला चालत नाही.

६/ या ढालीलाही मर्यादा आहेत. अपील हा दुसरा खटला नव्हे, ते पहिल्याचेच पुढचे पाऊल होय. आरोपनिश्चितीपूर्वीच पुराव्याअभावी झालेली सुटका म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. आणि जबर दुखापतीबद्दल शिक्षा झाल्यानंतर जखमी माणूस दगावला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला नव्याने उभा राहू शकतो. कारण पहिल्या निकालाच्या दिवशी तो अपराध पूर्ण झालेलाच नव्हता.

७/ म्हणून ‘एकाच कृत्याला दोनदा शिक्षा नाही’ हे वाक्य अपुरे आहे. आधी पाहायचे ते हे, की पहिला निवाडा न्यायालयाने केला होता का, आणि तो नेमका कोणत्या अपराधाचा होता.