दारूमुळे दात का झिजतात? कोरडं तोंड, कोला आणि न घासता झोपण्याचा हिशोब

दारूचा विषय निघाला की आपण यकृताबद्दल बोलतो. पण दारू पोटात जाण्याआधी तोंडातून जाते आणि तिथे ती एकटी नसते. सोबत कोला किंवा लिंबू-सोडा असतो, चकणा असतो, अनेकदा तंबाखूही असतो. रात्री उशिरा बैठक संपली की बहुतेक जण तसेच झोपतात. दात आणि हिरड्यांचं नुकसान या सगळ्याच्या बेरजेतून होतं. ही बेरीज नेमकी कशी होते, ते एका उदाहरणातून पाहू.

रांजणगावची दुसरी पाळी

समजा, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीत काम करणारा तिशीतला एक कामगार आहे. हेच उदाहरण दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कामगाराला किंवा सोलापूर हायवेवरच्या ड्रायव्हरलाही लागू होईल. तो आठवड्यातून तीन-चार वेळा ड्युटी संपल्यावर मित्रांसोबत बसतो. एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली व्हिस्की, तो ६० मिलीच्या तीन पेगमध्ये घेतो. प्रत्येक पेगमध्ये अंदाजे २०० मिली कोला. साडेअकराला बसला की अडीच वाजतात. मग घरी येऊन तो थेट झोपतो.

दारूच्या बाटलीवर '४२.८% v/v' असं छापलेलं असतं. २०० मिली कोला घातल्यावर ग्लासातलं अल्कोहोल साधारण १० टक्क्यांवर येतं. त्यामुळे 'पातळ करून घेतली, त्रास कमी होईल' असं वाटतं. दातांच्या बाबतीत मात्र उलटं होतं. दातांवर सर्वाधिक मारा या कोल्याचाच होतो.

कोला दातांचं काय करतो?

दाताचं सर्वांत वरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण भाग, पण आम्लात तो विरघळतो. एखादा पदार्थ किती आम्ल आहे हे 'पीएच' या आकड्यावरून कळतं. आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात.

कोल्याचा पीएच २.५ च्या आसपास असतो. फरक फक्त तीनचा दिसतो, पण या मोजपट्टीत प्रत्येक आकडा दहापटीचा असतो. म्हणजे कोला त्या मर्यादेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल आहे. लिंबाचा रसही तितकाच आम्ल असतो. शिवाय त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ओढतं, त्यामुळे लिंबू पिळलेला 'हेल्दी' पेगही दातांना सोपा जात नाही. साध्या सोड्याचा पीएच ४ ते ५ च्या दरम्यान असतो, पण त्यातलं आम्ल सौम्य असतं आणि लाळ ते लवकर निवळते. साधं पाणी यापैकी काहीच करत नाही.

आता साखर बघू. कोल्यात १०० मिलीमागे साधारण १०.६ ग्रॅम साखर असते. तीन पेगमध्ये ६०० मिली कोला गेला, म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम साखर. चहाच्या चमच्याने मोजली तर बारा-तेरा चमचे. तोंडातले जिवाणू ही साखर खाऊन स्वतःचं आम्ल तयार करतात. म्हणजे दातांवर आम्लाचा मारा दोनदा होतो, आधी कोल्याचा आणि मग जिवाणूंचा. शुगर-फ्री कोला घेतला तर दुसरा मारा टळतो, पहिला तसाच राहतो.

प्रमाणापेक्षाही महत्त्वाची असते वेळ. ६०० मिली कोला जेवताना दहा मिनिटांत संपवला तर लाळेला नंतर सावरायला वेळ मिळतो. साखर पोटात गेल्यावर तोंडाचा पीएच पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. आपला कामगार मात्र तीन तास दर पाच मिनिटांनी एक घोट घेतोय. पीएच वर यायला लागतो, तेवढ्यात पुढचा घोट येतो. परिणामी तीन तास अधिक नंतरचा एक तास असे जवळपास चार तास त्याचे दात आम्लातच राहतात.

लाळ कुठे जाते?

लाळ म्हणजे दातांचा रोजचा दुरुस्ती विभाग. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल निवळते, अन्नाचे कण धुऊन काढते आणि सुटलेलं कॅल्शियम दातांना परत देते.

दारू घेतली की मेंदूतून येणारा, शरीरात पाणी धरून ठेवणारा संदेश मंदावतो. म्हणून वारंवार लघवीला जावं लागतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. अल्कोहोल तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेलाही कोरडं करतं. त्यात झोपेत लाळ तशीही जवळजवळ थांबते. दारू पिऊन झोपलेला माणूस बऱ्याचदा घोरतो, तोंडाने श्वास घेतो, आणि उरलीसुरली लाळही वाळते. सकाळी जीभ टाळूला चिकटते ती यामुळेच.

थोडक्यात, ज्या रात्री दातांना दुरुस्तीची सर्वाधिक गरज असते, त्याच रात्री दुरुस्ती विभाग बंद असतो. दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या कामगारालाही यातून सुटका नाही. लाळ घड्याळापेक्षा झोपेबरोबर जास्त चालते.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांमध्ये कानाखालच्या लाळग्रंथी सुजून मोठ्या होऊ शकतात. गाल खालून भरल्यासारखे दिसतात, दुखत मात्र नाहीत. अशा माणसाचं तोंड न पिताही कोरडं राहू शकतं.

न घासता झोपलं तर?

शेंगदाणे, फरसाण, वेफर्स यांचा चिकट लगदा दातांच्या फटीत बसतो. त्यावर जिवाणूंचा पांढरट, मऊ थर चढतो, त्याला प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघतो. काही दिवस निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. कीटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं.

हिरडीच्या कडेला कीटण साचलं की हिरडी सुजते आणि घासताना रक्त येतं. इथपर्यंत सगळं भरून येऊ शकतं. दुर्लक्ष केलं तर सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. ते हाड आपोआप परत येत नाही. दात न किडताच हलायला लागतो तो या टप्प्यावर.

इथे एक फसवी गोष्ट आहे. आपल्या भागात अनेक घरांत अजूनही मिश्री लावली जाते आणि तंबाखू मळणारे तर गल्लोगल्ली आहेत. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने दात साफ होतात हा गैरसमज आहे. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आतून खराब असली तरी रक्त कमी येतं. 'माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे त्या चांगल्या आहेत' हा हिशोब तंबाखू खाणाऱ्याला लागू होत नाही.

झीज की कीड, कसं ओळखायचं?

आम्लाने झिजलेला दात काळा पडत नाही, तो गुळगुळीत होतो. पुढच्या दातांच्या कडा पातळ आणि पारदर्शक दिसतात. एनॅमल पातळ झाल्याने आतला पिवळसर भाग, म्हणजे डेंटिन, दिसू लागतो. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे छोटे खळगे पडतात. जुनी फिलिंग असेल तर भोवतीचा दात खाली जातो आणि फिलिंग वर आल्यासारखी वाटते. थंड पाण्याने ठणका बसतो.

कोरड्या तोंडातली कीड वेगळी असते. ती बहुतेकदा हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी सुरू होते आणि तपकिरी खड्डे पडतात. तिथे एनॅमल पातळ किंवा नसतंच, म्हणून ती वेगाने आत जाते. एकाच तोंडात दोन्ही प्रकार असू शकतात.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं?

दारू पूर्ण बंद करणं हा सर्वांत चांगला उपाय, यात शंका नाही. पण जो आज पितो, त्याच्या दातांचं नुकसान काही साध्या गोष्टींनी कमी होतं. कोला किंवा लिंबाऐवजी पाणी घ्यायचं. प्रत्येक पेगनंतर साध्या पाण्याची चूळ भरायची आणि थोडं पाणी प्यायचं.

बैठक संपल्यावर लगेच जोरात ब्रश करू नये. आम्लाने एनॅमलचा वरचा थर मऊ झालेला असतो, तो घासला जातो. आधी भरपूर चुळा भराव्यात, अर्धा-एक तास थांबावं आणि मग मऊ ब्रशने, फ्लोराइड असलेल्या पेस्टने घासावं. तेवढं जागं राहणं होणार नसेल तर पाण्याने नीट चुळा भरून बोटाने पेस्ट दातांवर फिरवावी आणि थुंकून झोपावं. काहीच न करण्यापेक्षा हे बरं.

उलटी झाली असेल तर जास्त जपावं लागतं. जठरातलं आम्ल कोल्यापेक्षाही तीव्र असतं. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी, ब्रश नंतर.

डॉक्टरांना काय सांगायचं?

दारू पितो हे लपवू नका, त्यावर उपचार अवलंबून असतात. रोज पिणाऱ्याचं यकृत कमजोर असेल तर दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. हिरड्यांच्या संसर्गासाठी अनेकदा मेट्रोनिडॅझोल लिहून देतात. त्या गोळ्या चालू असताना आणि नंतरचे किमान दोन-तीन दिवस दारू टाळायला सांगितलं जातं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याने अल्कोहोल असलेला माउथवॉशही वापरू नये.

शिरूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय जवळ असेल तर दंत विभागाचे वार आणि वेळ आधी विचारून जा. कीटण काढणं, साधी फिलिंग आणि दात काढणं यासाठी प्रत्येक वेळी पुणे गाठावं लागतंच असं नाही.

तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर मात्र थांबू नका. दारू आणि तंबाखू एकत्र असतील तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त असतो.

आणि रोज पिणाऱ्याने अचानक, स्वतःच्या मनाने दारू तोडू नये. हातापायांना कंप, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.