गर्भावस्थेतील मूत्रमार्ग संसर्ग

गर्भावस्थेतील मूत्रमार्ग संसर्ग म्हणजे गर्भवती स्त्रीच्या मूत्रनलिका, मूत्राशय, मूत्रवाहिनी किंवा मूत्रपिंड यांपैकी कोणत्याही भागात जिवाणूंची वाढ होऊन निर्माण होणारी अवस्था होय. तिची तीन रूपे मानली जातात. पहिल्या रूपात लघवीत जिवाणू असतात, पण स्त्रीला कोणताही त्रास होत नाही. दुसऱ्यात मूत्राशयाला सूज येऊन जळजळ होते. तिसऱ्यात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि तो आई व गर्भ या दोघांनाही धोक्याचा असतो. या तिन्हींतील पहिले रूप सर्वांत कमी ओळखले जाते, आणि पुढच्या दोन्ही रूपांची सुरुवात बहुधा तेथेच होते.

उन्हाळी आणि संसर्ग

लघवी करताना आग होणे, थोडी थोडी व वारंवार होणे याला मराठीत 'उन्हाळी लागणे' म्हणतात. उन्हात काम केल्याने व पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होऊन जळजळ होते, हे खरे आहे. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे घरगुती उपाय त्यावर केले जातात आणि त्यांनी पुष्कळदा आराम पडतो. मात्र वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात, जेथे उन्हाळा दीर्घ व कडक असतो, तेथे गर्भवतीची जळजळही याच नावाखाली जाते. घट्ट लघवीची जळजळ पाणी वाढवल्यावर साधारण एक-दोन दिवसांत शमते. जिवाणूंमुळे होणारी जळजळ पाण्याने सौम्य होते, पण जिवाणू तेथेच राहतात. उन्हाळी म्हणणे चूक नाही. गर्भवतीच्या बाबतीत त्या शब्दावर थांबणे चूक आहे. लघवीची तपासणी त्याच आठवड्यात व्हावयास हवी.

गर्भावस्थेत संसर्ग अधिक का होतो

स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची असते आणि तिचे तोंड गुदद्वाराच्या जवळ असते. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू तेथून मूत्राशयात शिरतो. या संसर्गांत सर्वाधिक वेळा तोच आढळतो. गर्भावस्थेपूर्वीही ही रचना अशीच असते. म्हणूनच काही स्त्रियांच्या मूत्राशयात गर्भधारणेआधीपासून जिवाणू असतात, असे मानले जाते. गर्भावस्था त्यांना वर चढण्याची वाट मोकळी करून देते.

मूत्रपिंडातील लघवी मूत्राशयात आणणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या प्रत्येकी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीच्या असतात. त्या केवळ नळ्या नाहीत. त्यांच्या भिंतीतील स्नायू लहरीसारखे आकुंचन पावून लघवी खाली ढकलतात. गर्भावस्थेत वाढलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे हे स्नायू सैल पडतात आणि लहरी मंदावतात. पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटाच्या कडेवर मूत्रवाहिन्यांवर येतो. परिणामी त्या दाबाच्या वरच्या भागात फुगतात व त्यांत लघवी साचते. हे फुगणे बहुसंख्य गर्भवतींमध्ये होते आणि ते स्वतः आजार नसते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते आणि वाहत्या पाण्यात धरत नाही, तसाच फरक येथे पडतो.

गर्भाशय वाढताना किंचित उजवीकडे वळते. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा वळणाचा भाग असल्याने तिकडील मूत्रवाहिनीला थोडे संरक्षण मिळते. त्यामुळे उजवी मूत्रवाहिनी अधिक फुगते, आणि गर्भवतीला मूत्रपिंडाचा संसर्ग झाल्यास तो बहुतेकदा उजव्या बाजूला असतो. याशिवाय गर्भावस्थेत मूत्रपिंडे अधिक रक्त गाळतात. लघवीतून थोडी साखर व अमिनो आम्ले जातात आणि जिवाणूंना पोषण मिळते. मधुमेह, पूर्वी झालेला मूत्रसंसर्ग किंवा मुतखडा असल्यास धोका आणखी वाढतो.

त्रासाशिवाय असलेला संसर्ग

सुमारे दोन ते दहा टक्के गर्भवतींच्या लघवीत त्रासाशिवाय जिवाणू आढळतात. १९५० च्या दशकात बोस्टन येथील एडवर्ड कॅस यांनी याचे मोजमाप रूढ केले. एक मिलिलिटर लघवीत एका जातीचे एक लाख किंवा अधिक जिवाणू सापडले, तर तो खरा संसर्ग मानावा, असा निकष त्यांनी मांडला. त्याहून कमी संख्या बहुधा नमुना घेताना बाहेरून आलेली असते. हा निकष आजही वापरात आहे.

जुन्या अभ्यासांनुसार, अशा स्त्रियांवर उपचार न केल्यास वीस ते चाळीस टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होत असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात मात्र हे प्रमाण बरेच कमी दिसले. जिवाणू असून उपचार न घेतलेल्यांत ते सुमारे २.४ टक्के होते, तर जिवाणू नसलेल्यांत ०.६ टक्के. तो अभ्यास कमी धोक्याच्या, एकच गर्भ असलेल्या स्त्रियांचा होता. त्याचा निष्कर्ष रक्तक्षय, मधुमेह असलेल्या किंवा तपासणीस उशिरा येणाऱ्या स्त्रियांना जसाच्या तसा लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा जिवाणूंवर सात दिवसांचा प्रतिजैविकांचा उपचार सुचविला आहे.

नमुना आणि त्याचा प्रवास

प्रसूतिपूर्व तपासणीत प्रत्येक वेळी लघवी पाहिली जाते, परंतु तेथील नेहमीची पट्टी प्रथिने व साखर दाखवते. पहिल्यावरून रक्तदाबाशी संबंधित विकाराचा आणि दुसरीवरून मधुमेहाचा अंदाज घेतात. 'लघवी तपासली, चांगली आहे' एवढ्याने जिवाणू नाहीत असे सिद्ध होत नाही, हे अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. जिवाणूंचा सुगावा देणारी नायट्राइटची पट्टी वेगळी असते. तिच्यासाठी लघवी सुमारे चार तास मूत्राशयात राहावी लागते, आणि गर्भवतीला तर दर तासाला जावे लागते. म्हणून ती पट्टी पुष्कळदा खोटा दिलासा देते. नक्की उत्तर लघवीतील जिवाणू वाढवून पाहणाऱ्या चाचणीतूनच मिळते, जिला प्रयोगशाळेत युरिन कल्चर म्हणतात.

ही चाचणी अचूक असली तरी नमुना नाजूक असतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. आसेगावातील सव्वीस आठवड्यांची गर्भवती सकाळी साडेनऊला नमुना देते. धुण्यात कसूर राहिल्याने त्यात बाहेरचे दर मिलिलिटरला एक हजार जिवाणू आले आहेत; म्हणजे खरा संसर्ग नाही. कल्चरची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि डबी पिशवीत घालून बसने नेली जाते. उष्णतेत जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरले, तर एका तासात चार हजार, दोन तासांत सोळा हजार आणि साडेतीन तासांत, म्हणजे दुपारी एकपर्यंत, एक लाख अठ्ठावीस हजार होतील. प्रयोगशाळा प्रामाणिकपणे 'संसर्ग आहे' असे लिहील आणि स्त्रीला नको असलेले औषध घ्यावे लागेल. मूत्राशयात असे सहसा होत नाही, कारण तेथून लघवी वारंवार बाहेर पडते. डबीत मात्र बाहेर जाण्याची वाट नसते.

यावर उपाय सोपे आहेत. योनिमुख पुढून मागे पाण्याने धुवावे, पहिली थोडी धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत झाकणाला किंवा आतल्या बाजूला बोट न लावता घ्यावी. डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावी. ते शक्य नसल्यास ती शीतकपाटात सुमारे चार अंश तापमानावर चोवीस तासांपर्यंत राहू शकते आणि प्रवासात बर्फ ठेवलेल्या पेटीत नेता येते. काही प्रयोगशाळा बोरिक आम्ल घातलेली नळी देतात; तिच्यात जिवाणूंची वाढ थांबते. नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा, कारण एका मात्रेनेही कल्चर नकारात्मक येऊ शकते. अहवालात अनेक जातींचे जिवाणू एकत्र दिसले तर नमुना दूषित असल्याचा संशय घेऊन तो पुन्हा घेतात.

उपचार

अहवालात जिवाणूचे नाव आणि त्यावर कोणती औषधे चालतात याची यादी असते. गर्भावस्थेत नायट्रोफुरँटोइन, सेफॅलेक्सिन किंवा एकाच मात्रेचे फॉस्फोमायसिन यांचा वापर होतो. निवड वैद्यच करतात. नायट्रोफुरँटोइन गर्भावस्थेच्या शेवटच्या दिवसांत आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या स्त्रियांना टाळतात. टेट्रासायक्लिन व क्विनोलोन गटांतील औषधे गर्भवतीला सहसा देत नाहीत. तीच गावातील दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतली जाण्याची शक्यता असते. जळजळ थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्यास जिवाणू उरतात. उपचार संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करतात, कारण संसर्ग परतणे असामान्य नाही.

मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला संसर्ग

मूत्रवाहिनीत साचलेल्या लघवीतून जिवाणू वर सरकतात. एश्चेरिकिया कोलायच्या काही प्रकारांच्या पृष्ठभागावर केसांसारखे तंतू असतात. त्यांनी ते मूत्रमार्गाच्या पेशींना घट्ट धरतात आणि प्रवाहाने धुतले जात नाहीत. मूत्रपिंडात पोहोचल्यावर तेथे दाह होतो आणि काही वेळा जिवाणू रक्तात उतरतात. हे बहुतेक वेळा गर्भावस्थेच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत घडते.

लक्षणे एकाएकी येतात. थंडी वाजून अडतीस अंश सेल्सिअसहून अधिक ताप चढतो, मळमळ व उलट्या होतात आणि बरगडीच्या खाली पाठीमागे, बहुधा उजवीकडे, दुखते. तेथे हलका ठोका दिला तरी कळ येते. लघवीची जळजळ मात्र असेलच असे नाही. त्यामुळे गावपातळीवर दोन गल्लती होतात. ताप-थंडी हिवताप वाटते, आणि कमरेची कळ 'पोटातल्या वाढीमुळे' किंवा प्रसूतीकळांमुळे असल्याचे समजले जाते. दुसरी गल्लत अर्धी खरीही असू शकते, कारण या संसर्गाने अकाली कळा सुरू होऊ शकतात. रक्तात विष पसरणे, फुप्फुसांत पाणी भरून श्वास लागणे, रक्तक्षय वाढणे आणि मूत्रपिंडाचे काम तात्पुरते मंदावणे हे अन्य धोके आहेत.

यावर घरी गोळ्या घेऊन थांबता येत नाही. स्त्रीला रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविक, बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व सलाइन देतात. नायट्रोफुरँटोइन येथे उपयोगी पडत नाही, कारण ते लघवीत भरपूर उतरते, पण मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसे साचत नाही. खालच्या संसर्गाला चालणारे औषध वरच्या संसर्गाला अपुरे पडते ते यामुळेच. ताप साधारण अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत उतरावयास हवा. तो न उतरल्यास खडा, अडथळा किंवा गळू यांच्या शोधासाठी सोनोग्राफी करतात. ताप उतरल्यावर तोंडाने औषध चालू ठेवून एकूण सुमारे चौदा दिवसांचा उपचार पूर्ण करतात. त्यानंतर पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून काही वेळा प्रसूतीनंतर चार ते सहा आठवड्यांपर्यंत रोज रात्री अल्प मात्रेत प्रतिजैविक दिले जाते.

महाराष्ट्रात गर्भवतीला रुग्णालयात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची, तर आकस्मिक प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत शासकीय आरोग्यकेंद्रांत डॉक्टरांकडून तपासणी होते. लघवीचा कल्चर करावयाचा की नाही, हा प्रश्न तेथे विचारता येतो.