सेंद्रिय चहाच्या ब्रँडसाठी रंग आणि फॉन्ट कसे निवडायचे?

सेंद्रिय म्हटलं की हिरवा, हे समीकरण इतकं रुळलंय की दुकानाच्या फळीवर दहा पाकिटं सारखीच दिसतात. मग नव्या ब्रँडने सुरुवात कुठून करायची? सोपं उत्तर आहे, चहाच्या कपातून.

समजा, ब्रँड आसामचा सेंद्रिय चहा विकणार आहे. काचेच्या कपात हा चहा तांबूस दिसतो. हा झाला उठावाचा रंग (#C8842E). मळ्यातल्या जून पानांचा गडद हिरवा (#1F3D2B) हा मुख्य रंग आणि पार्श्वभूमीला साय रंग (#F7F1E3). तीन रंग पुरेसे आहेत.

वाचता येतंय का?

वेबसाइटवरचा मजकूर सहज वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात. त्यानुसार साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. आपला हिरवा साय रंगावर १० च्या वर जातो. तांबूस मात्र साय रंगावर जेमतेम २.७ भरतो, म्हणजे मोठ्या शीर्षकासाठीही नापास. गडद हिरव्यावर तो ३.८ पर्यंत जातो. त्यामुळे तांबूस रंग रेघा, चित्रं आणि हिरव्यावरच्या मोठ्या शीर्षकांपुरताच ठेवायचा. ‘खरेदी करा’चं बटण हिरवं आणि त्यावरची अक्षरं साय रंगाची.

पाकिटावर रंग का बदलतो?

सेंद्रिय ब्रँडना तपकिरी क्राफ्ट पेपर आवडतो. पण छपाईची शाई बऱ्यापैकी पारदर्शक असते आणि कागदाचा तपकिरी रंग तिच्यात मिसळतो. हिरवा काळपट होतो, तांबूस जवळपास गायब होतो. उपाय दोन: रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायचा किंवा पांढऱ्या कागदावर छापलेलं लेबल चिकटवायचं. स्क्रीन पाहून छपाईला होकार देऊ नये, त्याच कागदावरचा नमुना मागवावा.

फॉन्टची जोडी

नाव आणि शीर्षकांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ आणि बाकी मजकुरासाठी ‘मुक्ता’ ही जोडी जमते. दोन्ही मोफत आहेत. तिरोच्या रेषा कुठे जाड, कुठे बारीक असतात, मुक्ताच्या साधारण एकसारख्या. हा फरक डोळ्याला लगेच कळतो. दोन्ही फॉन्ट एकाच वळणाचे घेतले, तर निवड नव्हे, चूक वाटते. शिवाय तिरोच्या या आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत.

मजकुराला तिरो का नको? बारीक आकारात त्याच्या नाजूक रेषा खडबडीत कागदावर तुटतात. मुक्ताला सात वजनं आहेत, त्यामुळे घटक, वजन आणि किंमत थोड्या ठळक अक्षरांत छापता येतात. वेबसाइटवर दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सुमारे १.६ पट ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो.

शेवटची चाचणी: ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रत्यक्ष आकारात छापून हातभर अंतरावरून वाचावा. ‘द्रि’ भरून गेला, तर आकार किंवा वजन बदलावं.