प्रतिसादवेळ, निराकरणवेळ आणि हाताळणीवेळ

ग्राहक-साहाय्य केंद्राच्या रांग-अहवालातील तीन कालमापने. सोमवारी सकाळी १० वाजता तक्रार आली, १०:४० ला कर्मचाऱ्याने अधिक माहिती मागितली, ग्राहकाचे उत्तर मंगळवारी दुपारी ३ ला आले आणि ४ वाजता तक्रार मिटली, असे समजू. प्रथम प्रतिसादवेळ ४० मिनिटे झाली. ती रांगेतील प्रतीक्षा मोजते, उत्तराचा उपयोग नव्हे. स्वयंचलित पोच मोजली गेली तर ही वेळ जवळपास निरर्थक ठरते. निराकरणवेळ ३० तास भरते, पण त्यांतील २८ तास २० मिनिटे ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहण्यात गेली. म्हणून ‘ग्राहकाकडे प्रलंबित’ असताना घड्याळ थांबते की नाही, हे अहवाल वाचण्यापूर्वी पाहावे लागते. हाताळणीवेळ म्हणजे प्रत्यक्ष काम, येथे कदाचित १८ मिनिटे; मनुष्यबळाचा अंदाज तिच्यावरूनच बांधतात.

निराकरणवेळेची सरासरी बहुधा मिटलेल्या तक्रारींचीच असते. त्यामुळे जुन्या तक्रारी पडून राहिल्या तर आकडा चांगला दिसतो आणि त्या निकाली निघाल्या त्या महिन्यात बिघडतो. अशा वेळी उघड्या तक्रारींचे वय शेजारी ठेवून पाहतात.