आधी ढीग, मग नावं: ईमेलच्या वर्गवारीचा उलटा प्रवास

आजच्या भागात एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू. ग्राहकांच्या हजारो ईमेल समोर पडल्यात, कशावरच विषयाचं लेबल नाही. त्या कोणत्या गटांत लावायच्या, हे ठरवायचं कसं?

जुनी पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. चार अनुभवी माणसं बसतात, ‘रिफंड’, ‘डिलिव्हरी’, ‘तक्रार’ असे कप्पे ठरवतात आणि नियम लिहितात: मजकुरात ‘रिफंड’ शब्द आला की पहिला कप्पा. अडचण अशी, की कप्पे मेल वाचण्याआधीच ठरलेले असतात. जे कोणाला सुचलंच नाही, ते सगळं ‘इतर’ मध्ये जातं, आणि ‘इतर’ फुगत राहतं.

आधी गट पाडा, मग नावं द्या, हा उलटा विचारही तसा जुनाच. 1992 साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या कटिंग, पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्कॅटर/गॅदर’ ही पद्धत मांडली. यंत्र कागदपत्रांचे गट पाडतं, माणूस त्यातले कामाचे गट उचलतो, यंत्र ते पुन्हा विखरून नवे गट करतं. पण त्या काळी दोन मजकुरांतलं साम्य म्हणजे सामाईक शब्द. ‘पैसे परत कधी मिळणार?’ आणि ‘ऑर्डर रद्द केली, खात्यात अजून काही जमा नाही’ या दोन वाक्यांत एकही शब्द समान नाही. मग ती एकत्र येणार कशी?

यावरचं उत्तर भाषाशास्त्रातून आलं. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, असं जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये म्हटलं होतं. 2013 मध्ये गूगलमध्ये टोमास मिकोलोव्ह यांच्या गटाने `word2vec` मध्ये हीच कल्पना वापरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग दिली. सारख्या संगतीतले शब्द जवळ आले. पण ईमेल म्हणजे एक शब्द नव्हे, अख्खी वाक्यं.

2018 मध्ये आलेलं `BERT` वाक्यं छान समजायचं, पण तुलना करायला त्याला दोन्ही वाक्यं एकत्र द्यावी लागत. दहा हजार वाक्यांत अशा जवळजवळ पाच कोटी जोड्या होतात. जर्मनीतल्या डार्मस्टाटचे नील्स रायमर्स आणि इरिना गुरेविच यांनी 2019 मध्ये हिशोब मांडला: सर्वांत सारखी जोडी शोधायला सुमारे 65 तास. त्यांच्या `Sentence-BERT` ने प्रत्येक वाक्याची आकड्यांची रांग एकदाच काढली, मग फक्त रांगांची तुलना. वेळ लागला साधारण 5 सेकंद. गट पाडणं रोजच्या कामात आलं ते इथून.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका ऑनलाइन दुकानाकडे दोन हजार मेल आहेत. `all-MiniLM-L6-v2` हे छोटं मॉडेल प्रत्येक मेलचे 384 आकडे करून देतं. मग `HDBSCAN` दाट जागा शोधतं आणि कुठेच न बसणाऱ्या मेलना -1 असा शिक्का मारतं. प्रत्येक गटातल्या मधल्या दहा आणि कडेच्या दहा मेल वाचायच्या. समजा, ‘रिफंड’ वाटणाऱ्या मेलचे दोन ढीग पडले: एकात उशिराची विचारणा, दुसऱ्यात ‘पेमेंट अडकलं पण पैसे कापले गेले’. पहिल्याचं उत्तर ‘थोडं थांबा’, दुसऱ्याची चौकशी बँकेकडे. एकाच शब्दावर लिहिलेला नियम दोघांना तेच उत्तर पाठवत बसला असता.

फसगत कुठे होते? पहिली, मेलच्या शेपटीत. सही, ‘गोपनीय’ सूचना आणि खाली चिकटलेली जुनी उत्तरं काढली नाहीत, तर विषयाऐवजी सह्यांचे गट पडतात. लांब मेलचा शेवट तर हे मॉडेल पाहतच नाही, कारण 256 तुकड्यांपुढचा मजकूर कापला जातो. दुसरी फसगत भाषेची. मराठी, इंग्रजी आणि रोमन लिपीतलं मराठी एकत्र आलं, की इंग्रजीवर तयार झालेलं मॉडेल भाषेनुसार ढीग लावतं. एका गटात एकच भाषा दिसली, तर तिथेच शंका घ्यायची. बहुभाषी मॉडेल किंवा पुण्याच्या एल3क्यूब गटाचं मराठीसाठीचं `MahaSBERT` हे त्यावरचे पर्याय. पण रोमन मराठी वेगळं तपासून पाहावंच लागतं. तिसरी, नकाराची. ‘रिफंड मिळाला’ आणि ‘रिफंड मिळाला नाही’ ही वाक्यं बऱ्याचदा शेजारी बसतात, कारण विषय एकच आहे. हा फरक पुढे नियमानेच करायचा.

म्हणजे नियम काही गेले नाहीत, फक्त त्यांचा नंबर मागे गेला. गटांना नावं देणं, दोन ढीग एक करणं किंवा एकाचे दोन करणं, हे आजही मेल वाचणारा माणूसच ठरवतो. -1 चा ढीगही दर महिन्याला पुन्हा चाळायचा, कारण नवी तक्रार बहुतेक वेळा आधी तिथेच दिसते.

भेटू पुढच्या भागात.