वाहनाची नोंदणी, योग्यता आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रे (भारत)

नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही भारतातील मोटार वाहनांसंबंधीची तीन स्वतंत्र कागदपत्रे आहेत. व्यवहारात ती अनुक्रमे आरसी, फिटनेस (किंवा 'पासिंग') आणि पीयूसी या नावांनी ओळखली जातात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे त्यांचे कायदेशीर आधार होत. वाहन कोणते व कोणाच्या नावे आहे हे पहिल्या प्रमाणपत्रावरून कळते. तपासणीच्या दिवशी ते रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित होते का, हे दुसरे सांगते. तर चाचणीच्या वेळी त्याचा धूर ठरलेल्या मर्यादेत होता का, हे तिसरे सांगते. यांपैकी कोणतेही एक प्रमाणपत्र दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

## नोंदणी प्रमाणपत्र

अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्र प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळते. त्यावर नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, वाहनाचा वर्ग, निर्मितीचा महिना व वर्ष, इंधन, आसनक्षमता आणि नोंदणीकृत मालकाचे नाव असते. वाहन कर्जावर घेतले असल्यास वित्तसंस्थेच्या बोजाचीही नोंद असते. चासीवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळणे ही वाहनाची ओळख पटवण्याची मूळ कसोटी आहे. नंबरप्लेट बदलता येते, त्यामुळे केवळ तिच्यावरून ओळख सिद्ध होत नाही.

कलम २(३०) नुसार, ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो साधारणपणे 'मालक' समजला जातो. वाहन विकल्यावर त्याच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवावे लागते. हे न केल्यास पैसे आणि ताबा हातोहात बदलले तरी नोंद जुन्याच नावावर राहते. एका अपघातातील वाहन अनेकदा विकले गेले होते, पण नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे होती. अशा प्रकरणात नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

वाहनाच्या आजच्या स्थितीबद्दल हे प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते. म्हणजेच बारा वर्षे जुन्या खासगी मोटारीची नोंदणी वैध असली, तरी नवी असल्यापासून तिचे ब्रेक कोणत्याही शासकीय निरीक्षकाने पाहिलेले असतीलच असे नाही.

## योग्यता प्रमाणपत्र

हे प्रमाणपत्र परिवहन वाहनांसाठी, म्हणजे ट्रक, टेम्पो, बस, टॅक्सी, रिक्षा अशा व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांसाठी आवश्यक असते. नियम ६२ नुसार नव्या वाहनाला ते दोन वर्षांसाठी मिळते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

तपासणी मोटार वाहन निरीक्षक किंवा मान्यताप्राप्त चाचणी केंद्र करते. तीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, परावर्तक, आरसे, काचा, वायपर, भोंगा, सायलेन्सर आणि वेगमापक यांची पाहणी होते. धुराची तपासणीही तीतच असते. तरीही पीयूसी वेगळी बाळगावी लागते.

कलम ५६ ची तरतूद येथे विशेष महत्त्वाची आहे. तीनुसार, योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन कलम ३९ च्या हेतूने वैधरीत्या नोंदलेले मानले जात नाही. त्यामुळे योग्यतेची मुदत संपताच नोंदणीचे कार्डही त्या हेतूने निरुपयोगी ठरते. असे वाहन चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी दोन ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपघाताच्या दाव्यांत विमा कंपन्याही योग्यता प्रमाणपत्र नसल्याचा मुद्दा उपस्थित करतात.

योग्यता प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरतीच ग्वाही देते. दुसऱ्या महिन्यात ब्रेकचे लायनर झिजल्यास ते कागदावर दिसत नाही. वाहन नियमांप्रमाणे राहिलेले नाही असे आढळल्यास मुदतीच्या आतही प्रमाणपत्र रद्द करता येते.

## प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र

नियम ११५ नुसार पहिल्या नोंदणीला एक वर्ष पूर्ण झाल्यावर पीयूसी आवश्यक होते. भारत स्टेज-४ आणि भारत स्टेज-६ वाहनांसाठी ती बारा महिने, तर त्याहून जुन्या वाहनांसाठी सहा महिने वैध असते. २०२१ पासून देशभर तिचा एकच नमुना असून त्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून प्रमाणपत्र खरे आहे का, हे पडताळता येते.

पेट्रोल वाहनाच्या धुराड्यात नळी घालून इंजिन जागेवर चालू असताना वायूंचे प्रमाण मोजले जाते. भारत स्टेज-४ च्या चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची मर्यादा दशलक्षांत २०० भाग आहे. डिझेल वाहनात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता पाहिली जाते.

या चाचणीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. वाहन उभे असताना ती होते आणि नायट्रोजन ऑक्साइड तीत मोजले जात नाहीत. नळी पुरेशी आत गेली नाही किंवा धुराड्याला गळती असली, तर बाहेरची हवा मिसळते व आकडे फसवे कमी येतात. नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड सुमारे १४ ते १५ टक्के असतो. तो त्याहून बराच कमी दिसला, तर नमुना पातळ झाल्याची शंका घेता येते. वाहन जास्त धूर सोडत असल्याचे दिसल्यास, वैध पीयूसी असली तरी अधिकारी नियम ११६ नुसार पुन्हा चाचणीचा आदेश देऊ शकतो.

## एक उदाहरण

समजा, १० जून २०२१ रोजी नोंदलेला भारत स्टेज-६ चा डिझेल मालवाहू टेम्पो आहे. त्याचे पहिले योग्यता प्रमाणपत्र ९ जून २०२३ पर्यंत आणि नूतनीकरणानंतरचे ९ जून २०२५ पर्यंत वैध होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो त्याच राज्यात विकला गेला, पण नाव बदलले नाही. नव्या ताबेदाराने २ जून २०२५ रोजी पीयूसी काढली. योग्यतेचे नूतनीकरण मात्र राहून गेले.

२० जून २०२५ रोजी हा टेम्पो तपासला, तर पीयूसी वैध आढळेल आणि धूर मर्यादेत होता एवढेच तीवरून कळेल. पीयूसी केंद्राने ब्रेक पाहिलेलेच नसतात, त्यामुळे टेम्पोच्या सुरक्षिततेचा कोणताही चालू पुरावा नाही. योग्यता संपल्याने नोंदणीही वैध मानली जाणार नाही. शिवाय अपघात झाल्यास, कागदोपत्री मालक असलेला जुना विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणूनच जुने वाहन घेताना वा विकताना नोंदीवरील नाव आणि तिन्ही प्रमाणपत्रांच्या तारखा स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.